लहान ऑफिसातला कॉन्फरन्स कॅमेरा आणि स्पीकरफोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली ऑफिसं लहान असतात. कुठे फाउंड्रीच्या वरच्या मजल्यावरची केबिन, कुठे पतसंस्थेची मीटिंगची खोली, कुठे काजू कारखान्याचं ऑफिस. चार-आठ माणसं टेबलाभोवती बसतात आणि पुण्याचे किंवा बेंगळुरूचे सहकारी पडद्यावर असतात. अशा खोल्यांमधून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्याला बहुधा आधी कॅमेऱ्याची काळजी असते, पण चित्र धूसर झालं तरी मीटिंग रेटता येते आणि आवाज गेला की ती तिथेच थांबते. म्हणून आवाजाचे प्रश्न आधी घेतले आहेत. प्रोग्रॅममधल्या बटणांची नावं अपडेटागणिक थोडी इकडेतिकडे होतात, तेवढं सांभाळून घ्या.

१. लॅपटॉपला कॅमेरा आणि माइक दोन्ही आहेत. मग वेगळं कशाला घ्यायचं?

एकटे बसून बोलणार असाल तर घेऊ नका. लॅपटॉपचा माइक समोर दीड-दोन फुटांवर बसलेल्या माणसासाठी केलेला असतो. त्याच लॅपटॉपसमोर सहा जण बसले की शेवटचा माणूस आठ फुटांवर जातो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. दोन फुटांचे चार झाले की ६, आठ झाले की १२. खोलीतला पंखा आणि रस्त्यावरचा गोंगाट मात्र माइकला होता तेवढाच ऐकू येतो. म्हणून पलीकडे लॅपटॉपवाल्याचं बोलणं स्वच्छ पोचतं आणि टोकाला बसलेले साहेब विहिरीतून बोलल्यासारखे वाटतात. माइकचा व्हॉल्यूम वाढवून हे सुटत नाही, कारण पंखाही तेवढाच वाढतो. माइक माणसांच्या जवळ नेणं हा त्यावरचा खरा उपाय, आणि स्पीकरफोन टेबलाच्या मध्यावर असल्यामुळे नेमकं तेच होतं.

२. टीव्हीखाली लावायचा एकच बार घ्यावा, की कॅमेरा वेगळा आणि स्पीकरफोन वेगळा?

बारमध्ये कॅमेरा, माइक आणि स्पीकर एकत्र येतात, वायर एकच लागते आणि टेबल मोकळं राहतं. सगळे जण टीव्हीपासून सात-आठ फुटांच्या आत बसत असतील आणि खोली घुमत नसेल तर बार छान चालतो. टेबल लांब असेल, खाली टाइल्स आणि भिंती कोऱ्या असतील, तर भिंतीवरच्या माइकपर्यंत बोलण्यापेक्षा घुमणंच जास्त पोचतं. आपल्याकडची बहुतेक ऑफिसं या दुसऱ्या प्रकारातली आहेत, त्यामुळे मी सहसा वेगळा कॅमेरा आणि वेगळा स्पीकरफोनच सुचवतो. बार आधीच घेऊन झाला असेल तर त्याला टेबलावर ठेवायचा जोड-माइक मिळतो का ते आधी विचारा. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा हवा. दुसऱ्या कंपनीचा स्पीकरफोन बारच्या जोडीला लावलात तर थेट प्रश्न ४ मधल्या भानगडीत सापडाल.

३. स्पीकरफोन टेबलावर नेमका कुठे ठेवायचा?

सगळ्यांची तोंडं साधारण सारख्या अंतरावर येतील अशा जागी, म्हणजे बहुधा मध्यभागी. खोक्यावर लिहिलेली रेंज शांत आणि मऊ खोलीतली असते. टाइल्स आणि कोऱ्या भिंतींच्या खोलीत मी पाच-सहा फुटांच्या पलीकडे भरवसा ठेवत नाही.

मध्यभागात एक अडचण दडलेली असते. छताचा पंखाही बरोबर तिथेच असतो. वरून येणारा वारा माइकच्या जाळीवर आपटला की पलीकडे सतत घरघर जाते, आणि ती आपल्याला खोलीत ऐकूच येत नाही, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. स्पीकरफोनच्या वर तळहात धरून बघा. वारा लागत असेल तर तो फूट-दीड फूट सरकवा किंवा मीटिंगपुरता पंखा एकवर आणा.

लॅपटॉपच्या ज्या बाजूने गरम हवा बाहेर पडते तिथे तो नको. मॉनिटरच्या मागे, फायलींच्या गठ्ठ्यात किंवा भिंतीच्या कोपऱ्यात तर नकोच. टेबलातून येणारे धक्के माइकला आपल्या कानापेक्षा जास्त जाणवतात. चहाचा कप ठेवला, पेन टकटकवलं, की पलीकडच्याच्या हेडफोनमध्ये हातोडा पडतो. खाली जुना माउस पॅड घातलात तर यातलं बरंच कमी होतं. आणि कागदपत्रं चाळायची असतील तर ती स्पीकरफोनच्या पुढ्यात चाळू नका. हे सांगायला बरं वाटत नाही, पण पतसंस्थेच्या मीटिंगमध्ये ठराववहीच्या पानांचा आवाज सचिवांच्या आवाजापेक्षा मोठा जातो.

४. स्पीकरफोनचा आवाज लहान आहे, टीव्हीचा दणदणीत आहे. ऐकायला टीव्ही आणि बोलायला स्पीकरफोन, असं केलं तर?

सगळ्यात जास्त मीटिंगा याच जोडणीने बिघडतात.

पुण्याचा माणूस बोलतो, त्याचा आवाज आपल्या खोलीत स्पीकरमधून बाहेर पडतो आणि लगेच आपल्या माइकमध्ये शिरतो. तो तसाच परत गेला तर त्याला स्वतःचंच बोलणं क्षणभराने ऐकू येईल. हे टाळायला स्पीकरफोनमध्ये इको-कॅन्सलर असतो. स्वतःच्या स्पीकरमधून आत्ता काय वाजतंय हे त्याला ठाऊक असतं आणि माइकमध्ये आलेल्या आवाजातून तो तेवढा भाग वजा करतो. राहतं ते खोलीतल्या माणसांचं बोलणं.

आवाज टीव्हीतून काढला की काय वाजतंय ते स्पीकरफोनला कळतच नाही. त्याच्या लेखी टीव्हीतला पुण्याचा माणूस म्हणजे खोलीत बसलेला आणखी एक जण, म्हणून तो त्याला इमानाने परत पाठवतो. झूम किंवा टीम्स आपल्या परीने वजाबाकी करायला बघतात, पण टीव्ही चित्रावर प्रक्रिया करताना आवाजही थोडा मागे ठेवतो आणि हिशेब चुकतो.

तेव्हा एका खोलीत ऐकवणारं आणि ऐकणारं यंत्र एकच ठेवा. टीव्ही फक्त चित्रासाठी वापरा आणि रिमोटने त्याचा आवाज शून्यावर आणा. स्पीकरफोनचा आवाज खरोखरच पुरत नसेल, तर एकमेकांना जोडता येणारे दोन स्पीकरफोन घ्या. ते जोडल्यावर कॉम्प्युटरला एकच यंत्र म्हणून दिसतात आणि वजाबाकी बरोबर राहते. सुटे दोन घेऊन दोन यूएसबीत खुपसून हे साधत नाही.

५. विंडोजमध्ये आणि झूममध्ये काय काय निवडायचं ते क्रमाने सांगा.

स्पीकरफोन आणि कॅमेरा यूएसबीला लावा आणि मिनिटभर थांबा. मग विंडोजची आणि R ही बटणं एकत्र दाबून हे टाइप करा:

```
mmsys.cpl
```

एक जुन्या धाटणीची खिडकी उघडते. नव्या सेटिंगपेक्षा इथे सगळं एका जागी दिसतं. Playback मध्ये स्पीकरफोनवर राइट क्लिक करून Set as Default Device आणि Set as Default Communication Device हे दोन्ही करा. Recording मध्येही त्याच स्पीकरफोनसाठी तेच करा. तिथेच टीव्हीचं नाव दिसत असेल तर ते Playback मधून Disable करा, कारण एचडीएमआय लावल्यावर विंडोज बऱ्याचदा आवाज गुपचूप टीव्हीकडे वळवतं. लॅपटॉप मीटिंगच्या खोलीतच राहणारा असेल तर त्याचा आतला माइकही Recording मधून Disable करा. शेवटी Communications या टॅबवर Do nothing निवडा, नाहीतर कॉल सुरू झाला की विंडोज बाकीचे आवाज स्वतःहून उतरवतं.

आता झूम उघडून Settings > Audio मध्ये Speaker आणि Microphone या दोन्ही ठिकाणी स्पीकरफोनचं नाव घालून निवडा. Same as System वर ठेवू नका. टीम्समध्ये हीच निवड Settings > Devices मध्ये असते आणि मीटमध्ये Settings > Audio मध्ये. कॅमेऱ्याचंही तसंच. यादीत दोन कॅमेरे दिसले तर लॅपटॉपचा कुठला आणि बाहेरचा कुठला हे चित्र बघून ठरवा, कारण नावं फसवी असतात.

यादीत यंत्र दिसतंय पण आवाज किंवा चित्र येत नाही, असं झालं तर Settings > Privacy & security मध्ये Microphone आणि Camera यांची परवानगी बघा. मीट ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे तिथे ब्राउझरची परवानगी वेगळी द्यावी लागते.

६. पलीकडचे म्हणतात, "आमचाच आवाज आम्हाला परत ऐकू येतोय." दोष त्यांचा की आमचा?

तुमचा. ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो त्याच्या बाजूला दोष नसतो, समोरच्या खोलीत असतो. पुणेकरांना स्वतःचा आवाज आला तर बेळगावची खोली तपासा, बेळगावकरांना आला तर पुण्याची. एवढं कळलं की मीटिंगची पहिली दहा मिनिटं "तुम्ही म्यूट करा, नाही तुम्हीच करा" यात जात नाहीत.

आपल्याकडचा दोष शोधताना आधी टीव्हीचा आवाज चालू आहे का बघा, प्रश्न ४ प्रमाणे. नसेल तर खोलीत दुसरं कुणी जोडलेलं आहे का बघा, प्रश्न ७ प्रमाणे. दोन्ही नसेल तर स्पीकरफोनचा व्हॉल्यूम शेवटपर्यंत चढवलेला असण्याची शक्यता मोठी. लहान स्पीकर पूर्ण आवाजात फाटतो, आणि फाटलेला आवाज मूळ आवाजाशी जुळत नाही, म्हणून वजाबाकी अर्धवट राहते. साठ-सत्तर टक्क्यांवर आणा, इको बहुधा तिथेच थांबतो. त्यानंतरही राहिला तर खोलीच जास्त घुमत असणार, त्यासाठी प्रश्न ८.

७. एकाच खोलीतले दोघं आपापल्या लॅपटॉपवरून जोडले की शिट्टी का वाजते?

एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये, तिथून परत पहिल्याकडे, असा फेरा सुरू होतो. नुसतं म्यूट करून अर्धंच काम होतं, कारण दुसऱ्या लॅपटॉपचा स्पीकर चालूच असतो आणि तो खोलीच्या माइकला ऐकू येतो. माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत.

टीम्समध्ये जोडताना Don't use audio निवडा. मीटमध्ये Use Companion mode असतं, ते नेमकं याच कामासाठी आहे. झूममध्ये आवाज जोडण्याची खिडकी येते ती तशीच बंद करा. जोडून झालं असेल तर माइकच्या शेजारच्या बाणावरून Leave Computer Audio. यानंतर स्वतःची स्क्रीन दाखवता येते, चॅट लिहिता येतं आणि आवाज मात्र खोलीच्या स्पीकरफोनवरूनच जातो. मोबाइलवरून जोडलेल्यालाही हाच नियम. शिट्टी वाजली आणि लॅपटॉपवर सगळं ठीक दिसलं, तर कुणाचा तरी मोबाइल टेबलाखाली जोडलेला असतो.

८. खोली घुमते म्हणतात. नवी जाहिरातीतली फोमची पॅनेलं लावावीत का?

आधी खोलीच्या मध्यभागी उभं राहून एकदा टाळी वाजवा. टाळीमागे थरथरणारी शेपटी ऐकू आली तर समोरासमोरच्या दोन कोऱ्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत.

पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतो, माणसाच्या आवाजातला जाडपणा तसाच घुमत राहतो. त्यापेक्षा जाड आणि जड कापड बरं. जमिनीवर एक मोठी सतरंजी किंवा नवलगुंदचा जमखाना अंथरा आणि काचेच्या खिडकीला चुण्यांचा जाड पडदा लावा. समोरासमोरच्या भिंतींपैकी एका भिंतीवर घोंगडं लावा, पण भिंतीला चिकटवून लावू नका. तीन-चार इंच पुढे दांडीवर सोडलं की तेच कापड जास्त खालच्या पट्टीपर्यंत आवाज शोषतं. पुस्तकांचं, फायलींचं उघडं कपाटही उपयोगी पडतं, कारण त्यावर आवाज विखुरतो. यानंतर पुन्हा टाळी वाजवा. शेपटी आखूड झाली की पुरे, स्टुडिओ करायचा नाही.

९. शेजारी ग्राइंडर चालतो, पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस कोसळतो. आवाज गाळायची सोय चालू केली तरी त्रास होतो.

गाळणी सतत एकसारख्या चालणाऱ्या आवाजावर चांगली चालते. पंखा, एसी आणि बऱ्याच अंशी पत्र्यावरचा पाऊस त्यात येतो. ग्राइंडर मध्येच सुरू होतो, मध्येच थांबतो, आणि त्याच्या किंचाळीत बोलण्याचे बारीक उच्चार ज्या पट्टीत असतात तीच पट्टी भरलेली असते. तिथे गाळणी आवाजाबरोबर बोलणंही खाते.

दुसरी गोष्ट, स्पीकरफोन स्वतः गाळतो आणि झूम त्यावर पुन्हा गाळतं. दोनदा गाळलं की शब्दांची शेवटची अक्षरं गळतात. "दहा तारखेला नाही" यातलं "नाही" गेलं तर काय होईल बघा. झूममध्ये Background noise suppression हे Low वर ठेवून बघा आणि पलीकडच्याला कुठलं बरं वाटतं ते विचारा.

खरा उपाय दारातच असतो. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा, शॉपकडच्या बाजूची खिडकी मीटिंगपुरती बंद ठेवा आणि स्पीकरफोन त्या भिंतीपासून लांब घ्या. पाऊस अगदी कोसळत असेल तर स्पीकरफोन बोलणाऱ्याच्या पुढ्यात सरकवा. प्रश्न १ मधला अंतराचा हिशेब इथे आपल्या बाजूने चालतो.

१०. कॅमेरा किती उंचीवर लावायचा? टीव्हीच्या वर लावलाय तर सगळ्यांची टकलं दिसतात.

बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे जमिनीपासून चार फुटांच्या आसपास. टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला असेल तर कॅमेरा त्याच्या वर न लावता खालच्या कडेला लावा. बाजूच्या भिंतीवर मात्र लावू नका. माणसं टीव्हीकडे बघून बोलतात, त्यामुळे पलीकडे सगळ्यांचे एकाच बाजूचे गाल दिसतात आणि आपल्याशी कुणी बोलत नाही असं वाटतं.

किती अंशांचा कॅमेरा घ्यावा याचं उत्तर खोली मोजल्याशिवाय देता येत नाही. पूर्ण हिशेब प्रश्न ११ मध्ये आहे.

११. आमचं ऑफिस उद्यमबागेत आहे. खोली १२ बाय १६, टेबल ८ बाय ४, माणसं सात. टीव्ही १२ फुटी भिंतीवर. जवळ बसलेले दोघं चित्रात अर्धेच येतात. १२० अंशांचा कॅमेरा घेऊ का?

थांबा, आधी फूटपट्टी काढा.

टेबलाची लांब बाजू टीव्हीकडे गेलेली, दोन्ही बाजूंना तीन-तीन जण आणि शेवटी एक जण. टेबल टीव्हीपासून तीन फुटांवर सुरू होतं असं तुम्ही कळवलंय. पहिली खुर्ची टेबलाच्या कडेपासून दीड फूट आत, म्हणजे कॅमेऱ्यापासून साडेचार फुटांवर. तो माणूस मधल्या रेषेपासून तीन फूट बाजूला बसतो, बाहेरचा खांदा धरून चार. एवढा भाग दोन्हीकडून चित्रात यायला आडवा कोन साधारण ८३ अंश हवा.

खोक्यावरचा आकडा बहुधा कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजलेला असतो, आडवा नव्हे. नेहमीच्या रुंद चित्रात ७८ म्हणजे आडवे सुमारे ७०, ९० म्हणजे सुमारे ८२ आणि १२० म्हणजे सुमारे ११३. तुमचा कॅमेरा ७८ चा आहे, म्हणून खांदे कापले जातात.

१२० चा घेतलात तर जवळचे दोघं येतील, पण शेवटी बसलेल्या माणसाचं काय होतं बघा. तो कॅमेऱ्यापासून १२ फुटांवर आहे. तेवढ्या अंतरावर ११३ अंशांत सुमारे ३६ फूट रुंदी मावते. तुमची खोलीच १२ फुटांची, म्हणजे उरलेल्या चित्रात नुसत्या भिंती. १९२० ठिपक्यांच्या चित्रात अर्ध्या फुटाच्या चेहऱ्याच्या वाट्याला २७ ठिपके येतात. ओठ हलतायत की नाही हेही कळणार नाही.

त्याऐवजी टेबल दीड फूट मागे सरकवा. पहिली खुर्ची सहा फुटांवर जाते आणि लागणारा आडवा कोन ६७ अंशांवर येतो. तुमच्या आत्ताच्या कॅमेऱ्यात तो मावतो. शेवटचा माणूस साडेतेरा फुटांवर जातो खरा, पण चित्राची रुंदी तिथे १९ फूटच असल्यामुळे त्याच्या चेहऱ्याला ५० ठिपके मिळतात. त्याच्या पाठीमागे अडीच फूट जागा उरते. खुर्ची मावते, मात्र मीटिंग चालू असताना चहावाल्याला मागून जाता येणार नाही. कधी नवा कॅमेरा घ्यायची वेळ आलीच तर ९० चा बघा, थोडी मोकळीक मिळेल.

आता आवाज. टेबलाचा मध्य टीव्हीपासून साडेआठ फुटांवर आला आणि तुमचा पंखा खोलीच्या मध्यावर, म्हणजे आठ फुटांवर आहे. स्पीकरफोन बरोबर त्याच्याखाली येतो. तो शेवटच्या माणसाकडे दीड फूट सरकवा. त्याला साडेतीन फूट पडतात, टीव्हीजवळच्या दोघांना पाच. सगळे पाच फुटांच्या आत राहिले, दुसऱ्या माइकची गरज नाही.

लॅपटॉप टीव्हीखालच्या फळीवर ठेवणार असाल तर स्पीकरफोनपर्यंतची वायर खाली उतरून, जमिनीवरून, पुन्हा टेबलावर चढते आणि साडेपंधरा फुटांच्या आसपास लागते. ती कशी घ्यायची ते पुढच्या प्रश्नात.

१२. यूएसबीची वायर पुरत नाही. बाजारातून लांब वायर आणून जोडली तर यंत्र कधी दिसतं, कधी दिसत नाही.

स्पीकरफोन यूएसबी २ वर चालतात, आणि त्यात साधी वायर ५ मीटरपर्यंत, म्हणजे सोळा फुटांच्या जरा पुढे चालते. ही मर्यादा एकूण लांबीची आहे. स्पीकरफोनला आधीच चिकटलेली वायर त्यातच मोजायची. दोन-तीन तुकडे जोडून लांबी वाढवली की प्रत्येक जोडापाशी सिग्नल आणखी ढिला पडतो. १५ फुटांच्या पुढे जायचं असेल तर ॲक्टिव्ह एक्स्टेंशन मागा. त्याच्या आत सिग्नल पुन्हा उभा करणारी चिप असते. यूएसबी ३ च्या कॅमेऱ्याला मर्यादा आणखी कमी, तीन मीटरपर्यंतच धरा. म्हणून कॅमेरा आणि लॅपटॉप जवळ ठेवावेत आणि लांब वायर स्पीकरफोनला द्यावी. बिनप्लगच्या स्वस्त हबवर कॅमेरा आणि स्पीकरफोन दोन्ही चढवू नका, वीज पुरत नाही.

१३. ब्लूटूथने जोडलं तर वायरची कटकटच नको ना?

मोबाइलवर एका माणसाचा कॉल असेल तर ठीक. लॅपटॉपला मात्र शक्यतो वायर वापरा. ब्लूटूथवर माइक चालू झाला की जोडणी कॉलच्या पद्धतीत जाते आणि आवाजाचा दर्जा उतरतो. कंपनीने सोबत स्वतःचा डोंगल दिला असेल तर तो वापरा.

१४. अर्ध्या मीटिंगनंतर आवाज अचानक लांबून यायला लागतो, म्हणतात.

बहुधा स्पीकरफोन क्षणभर सुटतो आणि लॅपटॉप मुकाट्याने स्वतःच्या माइकवर जातो. खोलीत कुणाला कळत नाही. विंडोज वीज वाचवायला यूएसबी झोपवतं, हे त्याचं नेहमीचं कारण. Device Manager उघडा, Universal Serial Bus controllers खाली USB Root Hub वर दोनदा क्लिक करा आणि Power Management मध्ये Allow the computer to turn off this device to save power ची खूण काढा. असे हब एकाहून जास्त असतील तर प्रत्येकाची काढा. लॅपटॉपचा आतला माइक बंद केला असेल, प्रश्न ५ प्रमाणे, तर आवाज लांबून न येता एकदम जातो. ते बरं, निदान लगेच कळतं.

लाईट जाऊन इन्व्हर्टरवर येताना हेच होत असेल तर यूएसबी नव्हे, राउटर बंद पडून पुन्हा चालू होतोय. राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो लावा.

१५. चेहरे काळे दिसतात, आणि चित्रात आडवे पट्टे सरकत राहतात.

दोन वेगळे रोग आहेत. चेहरे काळे पडतात कारण पाठीमागे खिडकी असते आणि कॅमेरा त्या उजेडाला धरून स्वतःला आवरतो. पडदा ओढा, नाहीतर त्या बाजूच्या खुर्च्या फिरवा. कॅमेऱ्यात यावर जादूचं बटण नाही.

पट्ट्यांचं कारण दिव्यांत आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि पुष्कळ कॅमेरे ६० धरून येतात. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये Anti-flicker किंवा Powerline frequency असं काहीतरी असतं, ते 50 Hz करा. एवढं करूनही पट्टे राहिले तर एखादा स्वस्त एलईडी दिवा दोषी असतो. एकेक दिवा बंद करून बघा, सापडतो.

१६. कॅमेरा आपोआप माणसांकडे वळतो, जवळ-लांब होतो. पलीकडच्यांना गरगरतं.

ती सोय बंद करा. लहान खोलीत कुणी उठलं, दार उघडलं, की कॅमेरा त्याच्या मागे लागतो. सगळे दिसतील अशी चौकट एकदा बसवून ठेवलेली बरी.

१७. सगळं नीट लावलंय. तरी आमच्यातले दोघं एकदम बोलले, किंवा पुणेवाले बोलताना आम्ही मध्ये बोललो, की एकाचा आवाज गायब होतो. यंत्र बदलायचं का?

खोलीतले दोघं एकदम बोलले तर दोघांचाही आवाज एकाच माइकमधून जातो, म्हणून कुणी गायब होत नाही, पण पलीकडे नुसता कालवा पोचतो. शेजारी बसलेल्याला दोन कानांमुळे आवाज कुठून येतोय ते कळतं आणि तो एकाचं ऐकू शकतो. एका माइकमधून आल्यावर ती दिशा उरत नाही. यात यंत्राचा दोष नाही.

पुणेवाल्यांच्या बोलण्यात मध्ये बोललात की वेगळं घडतं. वजाबाकी करणाऱ्या यंत्राला दोन्हीकडचा आवाज एकाच वेळी वेगळा करायचा असतो, आणि साधी यंत्रं तेव्हा सरळ एक बाजू दाबून टाकतात. ताडून बघायचं तर पलीकडच्याला सावकाश एक ते वीस आकडे मोजायला सांगा आणि त्याच वेळी आपल्या खोलीत एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचावं. नंतर दोघांनी सांगावं काय ऐकू आलं. आकडे मधूनमधून तुटले किंवा वाचन पुसट झालं, पण दोन्ही समजले, तर यंत्र ठीक आहे. एक बाजू पूर्ण गेली तर स्पीकरफोनचा व्हॉल्यूम उतरवून तोच प्रयोग पुन्हा करा, कारण स्पीकर जितका मोठा वाजतो तितकं यंत्राला जास्त दाबावं लागतं. व्हॉल्यूम निम्म्यावर आणूनही एक बाजू जातच असेल, तर मात्र यंत्र बदला. नवं घेताना दुकानात हाच आकड्यांचा प्रयोग दुसऱ्या खोलीतून करून बघू द्या म्हणावं.